रेनकोट धुतल्यावरही पाणी घरंगळावं, तर

नवा विंडचीटर पहिल्या पावसात कसा वागतो ते आठवा. अळूच्या पानावर पडावं तसं पाणी टपोऱ्या थेंबांनी घरंगळून जातं. दोन पावसाळे सरतात, मधे तीन-चार वेळा तो घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुतला जातो, आणि मग खांद्यावर, मांडीवर, बाह्यांच्या टोकांशी कापड भिजून गडद दिसू लागतं. आत गार, दमट लागतं. आपण म्हणतो, गेला हा, गळायला लागला. बहुतेक वेळा तो गळत नसतो.

नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या रेनकोटात पाणी अडवणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. पाण्याला खरी भिंत तोच घालतो. बाहेरच्या धाग्यांवर एक अतिशय सूक्ष्म लेप असतो आणि पाण्याचे थेंब होतात ते त्याच्यामुळे. हा बाहेरचा लेप मळाने आणि साबणाने झाकला गेला की वरचं कापड पाणी पिऊन घेतं. ओलं कापड गार पडतं आणि अंगातल्या घामाची वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. आपल्याला वाटतं पाऊस आत आला.

म्हणून धुण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. बादलीच्या तोंडावर रेनकोटचा एक भाग सैल पसरा, बाहेरची बाजू वर ठेवून, आणि मधल्या खोलगट जागेत कपभर पाणी ओता. दहा मिनिटांनी खालच्या बाजूला कोरडा हात फिरवा. वरचं कापड गडद झालंय, पण खाली हात कोरडाच राहिला, तर आतली भिंत शाबूत आहे आणि पुढची सगळी मेहनत कामी येईल. खाली थेंब जमले तर आतला थर किंवा शिवण गेली आहे. तो थर चिकट लागत असेल, त्याचे पांढरे पापुद्रे निघत असतील, तर कुठल्याही धुण्याने तो परत येत नाही.

आता धुणं. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरायला मदत करणं. तेव्हा तो कापडावर थोडा जरी उरला, तरी लेपाच्या बरोबर उलट काम करत राहतो. नेहमीच्या पावडरीचे कण धाग्यांत अडकून राहतात. कंडिशनर तर मुद्दाम कापडावर राहण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो रेनकोटला कधीही लावू नका. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत रेनकोट धुण्याचं खास लिक्विड मिळतं, ते सर्वांत चांगलं. ते नसेल तर लोकरी कपड्यांचं सौम्य लिक्विड चालतं, पण अर्ध्या बादलीला एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची वडी टाळा. जड पाण्यात तिचा चिकट साका होतो आणि तोच कापडावर बसतो.

खिसे रिकामे करा, सगळ्या चेन आणि वेलक्रो बंद करा, टोपीची दोरी सैल सोडा. हाताला जेमतेम कोमट लागेल अशा पाण्यात रेनकोट दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग गळपट्टी, बाह्यांची टोकं आणि खांदे मऊ स्पंजने चोळा. अंगाचं तेल आणि रस्त्यावरचा काळा धूर तिथेच बसतो. धुण्याचा ब्रश लावू नका आणि कापड पिळू नका, पिळल्याने आतला थर तडकतो. मशीन वापरायचंच झालं तर आधी साबणाचा कप्पा धुऊन घ्या, हलक्या धुण्यावर लावा आणि स्पिन बंद ठेवा. पाणी आरपार न सोडणारं कापड पाण्याचा फुगा धरून बसतं, ड्रमचा तोल जातो आणि मशीन धोकादायक रीतीने हादरतं.

खळबळणं मात्र कंटाळा न करता करायचं. स्वच्छ पाणी घ्या, खळबळा, पाणी टाका. पाण्यावर एकही बुडबुडा येईनासा होईपर्यंत हे चालू ठेवा. दोनदा करून सहसा भागत नाही. मग हँगरवर लावून सावलीत निथळत ठेवा.

वाळला की झालं असं समजून बरेच जण थांबतात. पण लेपाला ऊब द्यायची राहिलेली असते. लेपाचे रेणू धाग्यावर बारीक लवेसारखे उभे असतात, वापराने ते आडवे पडतात आणि उष्णतेने पुन्हा उभे राहतात. आधी आतल्या लेबलवर बघा: इस्त्रीवर फुली असेल तर इस्त्री नको, आत एक ठिपका असेल तर सर्वांत मंद इस्त्री चालते. पूर्ण वाळलेला रेनकोट बाहेरची बाजू वर ठेवून पसरा, त्यावर सुती पंचा टाका आणि वाफ बंद ठेवून इस्त्री सावकाश फिरवत राहा. आधी सहज न दिसणाऱ्या एखाद्या कोपऱ्यावर करून पाहा. रेडियमच्या पट्ट्या आणि छापलेली अक्षरं टाळा. आतल्या थराला इस्त्री थेट लावायची नाही. इस्त्री चालत नसेल तर हेअर ड्रायर वीतभर लांबून, एका जागी न थांबवता फिरवा. प्लास्टिकसारखा गुळगुळीत पीव्हीसी रेनकोट असेल तर मात्र उष्णता अजिबात नको, तो वितळतो. त्याला हा लेपही नसतो. ओल्या फडक्याने पुसला की पुरे.

माझा भाऊ पुण्यात रोज बाइकवरून ऑफिसला जातो. त्याचा विंडचीटर तीन वर्षांचा, दर वेळी पावडर आणि कंडिशनर घालून धुतलेला. बादलीच्या चाचणीत वरचं कापड लगेच भिजलं, खाली मात्र कोरडं. धुतल्यावर बुडबुडे जायला पाच पाणी लागली, इतका जुना साबण त्यात साठला होता. इस्त्रीनंतर ओल्या हाताने पाणी शिंपडलं. छातीवर आणि पाठीवर थेंब गोल उभे राहिले. खांद्यांवर, जिथे सॅकचे पट्टे घासतात, तिथे पाणी पसरतच होतं. तिथला लेप झाकला नव्हता, झिजून गेला होता.

अशा जागी नवा लेप द्यावा लागतो. जलरोधक स्प्रे धुतलेल्या, किंचित ओल्या कापडावर वीतभर अंतरावरून मारायचा, दोन-तीन मिनिटांनी जास्तीचा भाग ओल्या फडक्याने टिपायचा आणि बाटलीवर लिहिलं असेल तसं वाळवायचं. खिडक्या उघड्या ठेवा. धुण्याच्या पाण्यात मिसळायचा लेपही मिळतो, पण अस्तराच्या जाकिटाला मी तो वापरत नाही; अस्तरालाही तो लागतो आणि मग ते घाम टिपत नाही. भावाला फक्त खांदे आणि बाह्यांची टोकं एवढ्यालाच स्प्रे लागला.

हे सगळं पावसाळ्यात एक-दोनदा केलं तरी पुरतं, एरवी चिखल नुसत्या पाण्याने धुवा. आणि भिजलेला रेनकोट स्कूटरच्या डिकीत कोंबून रात्रभर ठेवू नका. दमट उबेत बुरशी तर येतेच, पण आतला थर सुटायला लागतो तोही तिथेच.