मोटार उचलत नाही? मोठी डीपी मागण्याआधी या चुका टाळा

उसाच्या पाण्याच्या पाळीला शेवटच्या शेतातली मोटार नुसती घूं घूं करते, उचलत नाही. मग सगळे मिळून अर्ज करतात, "६३ ची डीपी काढा, १०० ची बसवा." आमच्याकडेही तेच झालं. मोठी डीपी आली आणि मोटार होती तशीच घुमत राहिली.

पहिली चूक मोजण्यात होते. सगळे पंप बंद असताना मीटर लावला की शेवटच्या खांबावरही ४३० व्होल्ट दिसतात, कारण करंटच नसेल तर तारेत व्होल्टेज पडत नाही. पंप चालू असताना डीपीजवळच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही स्टार्टरवर एकाच वेळी मोजा. जवळ ४२५ आणि टोकाला ३३० असेल, तर दोष डीपीत नाही, मधल्या तारेत आहे.

आमचंच गणित पाहा. टोकाला पाच एचपीचे आठ पंप, प्रत्येकी साधारण साडेसात अँपिअर, म्हणजे प्रत्येक फेजच्या तारेत ६०. लाइन एक किलोमीटर, तारेचा रोध सुमारे एक ओहम. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तिन्ही तारा मिळून जवळपास ११ किलोवॅट नुसती उष्णता होऊन जाते. चारच पंप चालवले तर करंट निम्मा आणि तोटा पावपट, २.७ किलोवॅट. एवढ्या पंपांना ६३ केव्हीए पुरत होतीच.

इथे दुसरी चूक होते. "व्होल्टेज वाढवलं की करंट वाढणार, मग तोटाही वाढणार," असं शिकलेली माणसंही म्हणतात. ओहमच्या नियमातलं व्होल्टेज तारेच्या दोन टोकांमधलं असतं, लाइनचं नव्हे. ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही. वेढ्यांच्या प्रमाणात तो व्होल्टेज वाढवतो, तेवढ्याच पटीत करंट उतरतो. आठ पंपांची तीच वीज त्याच तारेतून ११ हजार व्होल्टने आणली, तर ६० ऐवजी २.४ अँपिअरच्या आत भागतं आणि तोटा १७ वॅटच्या आसपास राहतो. ११ किलोवॅटच्या जागी एका एलईडी बल्बाएवढा!

म्हणून अर्जात डीपी मोठी नको, जवळ मागा. ११ केव्हीची लाइन पंपांपर्यंत आणून दोन-तीन पंपांमागे एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवतात, ती एचव्हीडीएस पद्धत याच गणितावर उभी आहे. तोवर मोटारीचा कपॅसिटर काढून टाकू नका. तो चांगला असला तर ३० अँपिअरची लाइन २५ वर येते आणि तोटा जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो.

डीपीचा टॅप वाढवून घेण्याचाही आग्रह होतो. एका टप्प्याला अडीच टक्के, म्हणजे जेमतेम ११ व्होल्ट मिळतात, आणि रात्री पंप बंद झाले की जवळच्या घरांत व्होल्टेज जास्त होतं. हा टॅप चालू डीपीवर फिरवायचा नसतोच, आत ठिणगी पडून वाइंडिंग जातं. ते काम लाइन बंद करून वायरमनच करेल. फ्यूजमध्ये जाड तार घालणं तर त्याहून घातक. फ्यूज राहतो, डीपी जळते, आणि नवी येईपर्यंत उभा ऊस वाळतो.