खिडकीच्या उजेडात बोलतानाचा व्हिडिओ: पुठ्ठ्याचा रिफ्लेक्टर नेमका कुठे ठेवायचा

खिडकीशेजारी बसून व्हिडिओ काढला की खिडकीकडचा गाल छान उजळतो आणि दुसरा काळवंडतो. यावर बहुतेक जण खोलीतली ट्यूबलाइट किंवा बल्ब लावतात. मग एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट दिसायला लागतो, कारण खिडकीच्या आणि दिव्याच्या उजेडाचा रंग वेगळा असतो आणि कॅमेरा एका वेळी एकालाच पांढरा मानू शकतो. पुठ्ठ्यावर फॉइल चिकटवून केलेला रिफ्लेक्टर इथे दिव्यापेक्षा चांगला ठरतो. तो खिडकीचाच उजेड परत फेकतो, त्यामुळे रंग तोच राहतो. ढग आला तर दोन्ही बाजू एकाच प्रमाणात मंद होतात. म्हणून खोलीतले सगळे दिवे बंद करूनच सुरुवात करा.

बनवायला अर्धा तास पुरतो. टीव्ही किंवा कपाटाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. मधोमध घडी नसलेला भाग निवडा, नाहीतर तिथे उजेडाची रेघ पडते. स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल साधारण फूटभर रुंद असतो आणि चुरगळल्यावर दोन पट्ट्या कमी पडतात, म्हणून उभ्या तीन पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टी साडेतीन फुटांची कापा, कारण चुरगळल्यावर ती आखडते. आता पट्टीचा हलक्या हाताने सैल गोळा करा आणि कडांकडून सावकाश उलगडा. ही पायरी कंटाळा करून गाळू नका. गुळगुळीत फॉइल आरशासारखं वागतं आणि गालावर उजेडाचे पट्टे टाकतं. सुरकुत्यांमुळे तो उजेड चहूकडे विखुरतो आणि एकसारखा पडतो. चमकदार बाजू वर असावी की मंद, यावर डोकं शिणवू नका, चुरगळल्यावर फारसा फरक उरत नाही.

चिकटवायला फेव्हिकॉल पातळ थरात लावा. पाणी जास्त झालं की पुठ्ठा ओला होतो आणि वाळताना वाकतो. मागच्या बाजूला पांढरा कार्डशीट कागद चिकटवा. त्यामुळे पुठ्ठा दोन्हीकडून सारखा ओढला जातो आणि सपाट राहतो, शिवाय सौम्य उजेडाची दुसरी बाजूही मिळते. रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा.

खरी गडबड होते ती पुठ्ठा ठेवताना. बहुतेक जण तो अंधाऱ्या गालाच्या अगदी शेजारी, कानाच्या रेषेत धरतात आणि काही फरक पडला नाही म्हणून फॉइलला दोष देतात. पण त्या जागी बोलणाऱ्याच्या डोक्याची आणि खांद्याची सावली पुठ्ठ्यावर पडलेली असते. खिडकीचा उजेड पुठ्ठ्यापर्यंत पोचलाच नाही तर तो परत काय देणार? पुठ्ठ्याची जागा चेहऱ्यावरून नाही, खिडकीवरून ठरते.

समजा खोली दहा बाय दहाची आहे आणि चार फूट रुंदीची खिडकी बोलणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे. खुर्ची खिडकीपासून तीन फुटांवर ठेवा, आणि अशी, की बसणाऱ्याचा कान खिडकीच्या मागच्या चौकटीच्या रेषेत येईल. म्हणजे सगळी खिडकी चेहऱ्याच्या पुढे राहते आणि उजेड तिरका, समोरून येतो. खुर्ची याहून पुढे सरकली की उजेड फक्त कानावर आणि केसांवर पडतो. मोबाइल समोर चार फुटांवर, डोळ्यांच्या उंचीवर. पाठीमागची भिंत चार-पाच फूट लांब असेल तर ती आपोआप थोडी गडद होते आणि चेहरा उठून दिसतो.

आता उजव्या हाताला प्लास्टिकची खुर्ची ठेवा, पण कानाशेजारी नको, गुडघ्यांच्या रेषेत. पुठ्ठा तिच्या बैठकीवर उभा करून पाठीला टेकवा. चेहऱ्यापासून अंतर दीड ते दोन फूट. खिडकीतून आलेला उजेड बोलणाऱ्याच्या छातीसमोरून जाऊन थेट फॉइलवर पडला पाहिजे. मग पुठ्ठा हळूहळू चेहऱ्याकडे वळवा. कॅरममध्ये सोंगटी कडेला आपटून जशी परतते तसाच उजेड परततो, तेव्हा पुठ्ठ्याचं तोंड खिडकी आणि चेहरा यांच्या साधारण मधोमध असावं. पूर्ण चेहऱ्याकडे वळवलात तर उजेड भलतीकडेच जातो.

थोडं मागे झुकणंही गरजेचं आहे. आकाशाचा उजेड वरून खाली उतरतो. सरळ उभ्या पुठ्ठ्यावरून तो आणखी खालीच जातो आणि मांडीवर पडतो. खुर्चीच्या पाठीचा उतार मिळाला की तो चेहऱ्यापर्यंत चढतो. मात्र पुठ्ठा जमिनीवर किंवा मांडीवर आडवा ठेवू नका. मग उजेड हनुवटीखालून येतो, नाकाची सावली वर चढते आणि चेहरा भेसूर दिसतो.

जमलं की नाही, हे फॉइलकडे बघून कळत नाही. मोबाइलच्या पडद्यावर अंधाऱ्या बाजूचा डोळा बघा. त्यातला पांढरा भाग स्पष्ट दिसावा आणि कानाजवळचे केस वेगळे कळावेत, पण नाकाशेजारी हलकी सावली उरलेली असावी. सावली पूर्ण गेली तर चेहरा चपटा दिसतो. पुठ्ठा फूटभर लांब न्या. डोळे मिचकावायची वेळ आली, किंवा तेलकट त्वचेवर चमक उठली, तर पांढरी बाजू पुढे करा आणि पुठ्ठा थोडा जवळ आणा, कारण कागद कमी उजेड परत देतो. पुठ्ठा व्हिडिओच्या चौकटीत डोकावत असेल तर बाहेर सरकवा. उभ्या व्हिडिओत चौकट अरुंद असते, त्यामुळे तो जास्त जवळ राहू शकतो.

चष्मा असेल तर काचांत चंदेरी ठिपके दिसतात. चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या उचलल्या की काचा खाली झुकतात आणि ठिपके बहुधा निघून जातात. नाहीच गेले तर पांढरी बाजू.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. ऊन आणि सावलीतला फरक एवढा मोठा असतो की पुठ्ठा तो भरून काढू शकत नाही, आणि ग्रिलच्या पट्ट्या चेहऱ्यावर उमटतात त्या वेगळ्याच. खिडकीला पांढरं सुती धोतर किंवा बटर पेपर ताणून लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. महाराष्ट्रात उत्तरेची खिडकी बहुतेक वर्षभर सोयीची पडते, मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिच्यातूनही ऊन शिरतं. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत येतं.

शेवटी मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा. आयफोनवर AE/AF LOCK अशी पाटी येते. लॉक नसेल तर हात हलला की कॅमेरा स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि बोलता बोलता चेहरा उजळतो-मावळतो. संध्याकाळी उजेड उतरणीला लागला की लॉक केलेलं चित्रही हळूहळू काळोखं होतं. म्हणून मोठा भाग दुपारच्या स्थिर उजेडात उरका, आणि दोन तुकडे जोडायचे असतील तर ते सलग घ्या. खुर्चीच्या पायांखाली खडूने खुणा करून ठेवल्या तर मधे उठलात तरी मांडणी तशीच परत लावता येते.