घनतेचा घटक: निष्पत्ती, कृती आणि मूल्यमापन यांचा मेळ कसा घालावा

घनतेच्या घटकाचं नियोजन पुष्कळदा असं असतं: निष्पत्तीच्या रकान्यात ‘विद्यार्थी घनतेची संकल्पना समजून घेतो’, कृतीच्या रकान्यात ‘तरंगणाऱ्या व बुडणाऱ्या वस्तूंची यादी करणे’ आणि चाचणीत ‘घनतेची व्याख्या लिहा’. एकेक नोंद वेगळी वाचली तर ठीक वाटते, पण तिघींचा एकमेकींशी संबंध नाही. यादी करताना मुलं काहीच मोजत नाहीत आणि व्याख्या पाठ करायला यादी लागत नाही.

निष्पत्ती तपासता येईल अशी लिहा

‘समजून घेतो’ हे डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी मूल काय करून दाखवेल ते लिहा. या घटकासाठी दोन वाक्यं पुरतात:

१. वस्तूचं वस्तुमान आणि आकारमान मोजून घनता काढतो.
२. घनतेवरून वस्तू पाण्यात तरंगेल की बुडेल याचा अंदाज कारणासह सांगतो.

पहिलं हाताचं कौशल्य आहे, दुसरं तर्काचं. म्हणून दोन्ही एकाच लेखी प्रश्नात तपासता येणार नाहीत, हे इथेच लक्षात घ्या.

कृती ठरवण्याआधी प्रश्न लिहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ हा मुलांच्या मनातला पक्का समज असतो. ‘लोखंडी खिळा का बुडतो?’ असं विचारलं, तर हा समज असलेलं मूलही ‘जड असतो म्हणून’ असं लिहून अर्धे गुण घेऊन जातं. चुकीच्या आणि बरोबर विचाराची उत्तरं वेगळी येतील असाच प्रश्न हवा. उदाहरणार्थ:

‘वस्तू अ: २४० ग्रॅम, ३०० घन सेंमी. वस्तू ब: ३० ग्रॅम, १२ घन सेंमी. दोन्ही भरीव आहेत. पाण्यात प्रत्येकीचं काय होईल? का? अ चे दोन समान तुकडे केले, तर एका तुकड्याचं काय होईल?’

अ ची घनता ०.८ आणि ब ची २.५ ग्रॅम प्रति घन सेंमी. पाण्याची १. म्हणजे आठपट जड अ तरंगते आणि ब बुडते. जडपणावर विसंबणारं मूल नेमकं उलट लिहितं. तुकड्याच्या प्रश्नात वस्तुमान निम्मं होतं, आकारमानही निम्मं होतं, घनता ०.८ च राहते. सूत्र फक्त पाठ असलेली मुलं बहुधा इथे अडखळतात.

कृती प्रश्नाकडे नेणारी निवडा

आता कृती जवळजवळ आपोआप ठरते. प्रत्येक गटाला एक मोठी पण तरंगणारी आणि एक लहान पण बुडणारी वस्तू द्या. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग तराजू आणि मोजपात्र वापरून घनता काढायची आणि शेवटी वस्तू पाण्यात सोडायची. हा क्रम मोडू नका. वस्तू आधीच पाण्यात सोडली, तर अंदाज बांधायला काही उरत नाही.

इथे एक चूक हमखास होते. १८ ग्रॅमचा लाकडी तुकडा मोजपात्रात सोडला, की तो तरंगतो आणि पाणी १८ मिलीच वर चढतं. मुलं १८ भागिले १८ करून घनता १ काढतात. तुकड्याचं खरं आकारमान ३० घन सेंमी असेल, तर घनता ०.६ यायला हवी. तरंगणारी वस्तू बारीक तारेनं पूर्ण पाण्याखाली दाबूनच पातळी वाचायची. सगळ्या तरंगणाऱ्या वस्तूंची घनता १ च्या आसपास येऊ लागली, की हीच चूक झाली असं समजा.

मोजण्याचं कौशल्य याच तासांत बघून तपासा. तीन गोष्टी पुरेत: तराजू शून्यावर आणला का, पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत वाचली का, वस्तू पूर्ण बुडवली का. मोठ्या वर्गात एका तासात सगळ्यांकडे लक्ष देता येत नाही, म्हणून दर तासाला आठ-दहा मुलं घ्या.

आडवं वाचून बघा

प्रत्येक निष्पत्तीसमोर तिची कृती आणि तिचा प्रश्न लिहा आणि ओळ आडवी वाचा. मुलांना फॉइलची होडी करायला फार आवडतं, पण होडीत हवा असते, म्हणून तिथे आकार आणि सरासरी घनता यांचा विचार येतो. वरच्या दोन्ही निष्पत्तींत तो नाही. होडी ठेवायची असेल तर तिसरी निष्पत्ती आणि तिचा प्रश्न लिहा. तेवढे तास नसतील तर होडी गाळा.

चाचणीनंतर गुणांची बेरीज करण्याआधी चुका वेगळ्या करा. भागाकार चुकला असेल तर सरावाची उदाहरणं द्या. घनता बरोबर पण अंदाज चुकला असेल, तर पाण्याच्या घनतेशी तुलना राहिली आहे. फक्त तुकड्याचं उत्तर चुकलं असेल, तर एखादी तरंगणारी वस्तू कापून दोन्ही तुकड्यांची घनता त्या मुलांकडूनच मोजून घ्या.