घर्षण असताना कार्य-ऊर्जा प्रमेय की ऊर्जा अक्षय्यता? या चुका टाळा

ठोकळा खडबडीत उतारावरून घसरतो, तळाशी त्याचा वेग काढा. हे गणित ज्यांचे चुकते त्यांना बहुतेक वेळा दोन्ही सूत्रे पाठ असतात. कार्य-ऊर्जा प्रमेय येते, ऊर्जा अक्षय्यतेचा नियमही येतो, पण लिहिताना दोन्ही एकाच ओळीत मिसळतात आणि उत्तर बिघडते. त्यामुळे "यातले कोणते वापरू?" असे कुणी विचारले की मी आधी उलट विचारतो, "गुरुत्वाकर्षणाचा हिशेब तू कुठे मांडणार आहेस?" त्याचे उत्तर नक्की असेल तर पुढचे सगळे सरळ होते.

एक ठोकळा घेऊ. वस्तुमान २ किलोग्रॅम, उतार ३७ अंशांचा (sin ३७° = ०.६ आणि cos ३७° = ०.८ धरू), उताराची लांबी ५ मीटर, म्हणजे उंची ३ मीटर. गतिक घर्षण गुणांक ०.२५, g चे मूल्य १०. ठोकळा माथ्यावर स्थिर आहे आणि तिथून सुटतो. त्याचे वजन २० न्यूटन, अभिलंब बल २० × ०.८ = १६ न्यूटन, घर्षण बल ०.२५ × १६ = ४ न्यूटन.

कार्य-ऊर्जा प्रमेय लावायचे तर ठोकळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येक बलाचे कार्य लिहायचे. गुरुत्व बलाचे कार्य +६० ज्यूल, घर्षणाचे −४ × ५ = −२० ज्यूल, अभिलंब बल गतीला लंब असल्याने त्याचे शून्य. बेरीज ४० ज्यूल, आणि तीच गतिज ऊर्जेतील वाढ. ½mv² = ४० वरून v² = ४०, म्हणजे वेग सुमारे ६.३ मीटर प्रति सेकंद.

ऊर्जा अक्षय्यतेने जायचे तर गुरुत्वाचे कार्य लिहायचेच नाही, त्याऐवजी स्थितिज ऊर्जा लिहायची. वर ६० ज्यूल स्थितिज ऊर्जा होती. खाली आल्यावर तिची जागा गतिज ऊर्जा आणि २० ज्यूल उष्णता यांनी घेतली. गतिज ऊर्जा पुन्हा ४० ज्यूल. गतीच्या समीकरणाने पडताळा घ्या: त्वरण १० × (०.६ − ०.२५ × ०.८) = ४, आणि v² = २ × ४ × ५ = ४०. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

गुरुत्व दोनदा जमेला धरणे

सर्वांत जास्त गुण या चुकीमुळे जातात. विद्यार्थी सुरुवातीला mgh ही स्थितिज ऊर्जा लिहितो आणि पुढे "बलांनी केलेले कार्य" या सदरात गुरुत्वाचे mgh पुन्हा मिळवतो. मग ६० + ६० − २० = १०० ज्यूल येतात आणि वेग निघतो १० मीटर प्रति सेकंद. आकडा इतका सुबक असतो की शंकाही येत नाही.

स्थितिज ऊर्जा ही वेगळी रक्कम नाही. गुरुत्वाने केलेले कार्यच आपण चिन्ह बदलून समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेतो आणि त्याला स्थितिज ऊर्जेतील बदल म्हणतो. एका बलाची नोंद एकाच खात्यात व्हायला हवी. स्प्रिंग असेल तर तिचेही तसेच. ½kx² लिहिले की स्प्रिंगच्या बलाचे कार्य पुन्हा लिहायचे नाही.

ही चूक पकडायला सोपी आहे. घर्षण अजिबात नसते तर गतिज ऊर्जा ६० ज्यूल झाली असती आणि वेग सुमारे ७.७. घर्षणासह आलेला वेग त्याहून जास्त असूच शकत नाही. १० आला की कुठेतरी गुरुत्व दोनदा आले आहे. ८.९ आला तर घर्षणाचे चिन्ह उलटे पडले आहे, कारण तेव्हा ६० + २० = ८० ज्यूल होतात. चिन्हाची ही चूक अक्षय्यतेच्या वाटेवर जास्त होते. तिथे उष्णता +२० अशी *शेवटच्या* बाजूला लिहायची असते. तीच २० सुरुवातीच्या बाजूला नेली की चिन्ह ऋण होते. कुठल्या बाजूला आहोत हे विसरले की गोंधळ होतो.

अभिलंब बल mg घेण्याची चूक मात्र या कसोटीतून निसटते. तेव्हा घर्षण ५ न्यूटन, गतिज ऊर्जा ३५ ज्यूल आणि वेग ५.९ येतो, जो दिसायला अगदी पटण्याजोगा असतो. इथे सूत्रात अंक घालण्याआधी कोन ९० अंश करून पाहावा. उभ्या भिंतीलगत नुसता खाली पडणारा ठोकळा भिंतीवर दाबला जात नाही, म्हणजे घर्षण शून्य यायला हवे. तुमच्या सूत्रात तसे होत नसेल तर cos राहून गेला आहे.

"घर्षण आहे, मग अक्षय्यता चालणार नाही"

हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच घातक आहे. घर्षणामुळे *यांत्रिक* ऊर्जा टिकत नाही. पण ती किती घटली हे माहीत असेल तर नियम पूर्ण उपयोगाचा आहे: गतिज आणि स्थितिज ऊर्जेच्या बेरजेत होणारी घट म्हणजे घर्षण बल गुणिले घसरलेले अंतर. उंची बदलते, वाटेत स्प्रिंग दाबली जाते, अशा गणितात मला हीच मांडणी सोयीची वाटते. एकच ठोकळा, सरळ पृष्ठभाग, दोन-तीन स्थिर बले, एवढेच असेल तर प्रमेय लवकर सुटते.

दोन्ही वाटा जिथे अडतात ती जागा म्हणजे वक्र पृष्ठभाग. तिथे अभिलंब बल वेगावरही अवलंबून असते. खोलगट भागातून जाताना ठोकळा पृष्ठभागावर जास्त जोराने दाबला जातो, घर्षण वाढते, आणि प्रत्येक बिंदूला ते वेगळे असते. μmg cosθ ला वक्राच्या लांबीने गुणून उत्तर मिळत नाही. अशा प्रश्नात बहुधा वेग दिलेला असतो आणि घर्षणाचे कार्यच विचारलेले असते.

अंतर की विस्थापन?

तोच ठोकळा आता तळापासून वर ढकलू, सुरुवातीचा वेग ८ मीटर प्रति सेकंद. वर जाताना गुरुत्व आणि घर्षण दोन्ही खाली ओढतात, त्यामुळे मंदन १० × (०.६ + ०.२) = ८ आणि ठोकळा ६४ ÷ १६ = ४ मीटर वर जाऊन थांबतो. मग परत येतो. तळाशी वेग किती?

इथे "विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य" असे लिहून ८ हेच उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. गुरुत्वासाठी ते बरोबर आहे, जाताना घेतलेले त्याने येताना परत दिले. घर्षण मात्र खाली येताना आपली दिशा बदलते आणि दोन्ही वेळा गतीला विरोधच करते. म्हणून त्याच्यासाठी पूर्ण वाट मोजायची: ४ × ८ = ३२ ज्यूल. सुरुवातीचे ६४ ज्यूल, उरले ३२, वेग सुमारे ५.७. घर्षणाला स्थितिज ऊर्जा जोडता येत नाही याचे कारणही हेच. त्याचे कार्य कुठून कुठे गेलो यावर ठरत नाही, कोणत्या वाटेने गेलो यावर ठरते.

याच गणितात आणखी एक खाच आहे. समजा गतिक घर्षण गुणांक ०.८ असता. ठोकळा सुमारे २.६ मीटर वर जातो. जाऊन-येऊन घर्षणाने खाल्लेली ऊर्जा ६६ ज्यूल निघते, आणि मूळ ऊर्जा होती ६४. परतीची गतिज ऊर्जा ऋण आली! हे आकडेमोडीतले पाप नव्हे. समीकरण सांगते आहे की ठोकळा परत आलाच नाही, वरच चिकटून राहिला. पण हा इशारा प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. गतिक गुणांक ०.७ आणि स्थितिक गुणांक ०.८ असेल तर ऊर्जेचे समीकरण धन उत्तर देईल, आणि तरीही ठोकळा जागचा हलणार नाही, कारण स्थितिक गुणांक tan ३७° = ०.७५ पेक्षा मोठा आहे. परतीचा प्रवास असेल तिथे आधी तो होतो का हे बलांवरून तपासावे, ऊर्जा नंतर.

पृष्ठभागच सरकत असेल तेव्हा

आतापर्यंत "घर्षणाचे कार्य" आणि "निर्माण झालेली उष्णता" यांचा आकडा सारखाच आला, फक्त चिन्ह वेगळे. म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज रुजतो. पृष्ठभाग स्थिर असल्याचा तो योगायोग होता.

गुळगुळीत, घर्षणरहित जमिनीवर ४ किलोग्रॅमची लांब फळी स्थिर पडली आहे. तिच्या एका टोकावर २ किलोग्रॅमचा ठोकळा ६ मीटर प्रति सेकंद वेगाने येतो. दोघांमधला घर्षण गुणांक ०.४, म्हणजे घर्षण ८ न्यूटन. ठोकळा ४ च्या मंदनाने हळू होतो, फळी २ च्या त्वरणाने वेग घेते, आणि १ सेकंदाने दोघांचा वेग २ मीटर प्रति सेकंद होतो. तेवढ्या वेळात जमिनीच्या संदर्भात ठोकळा ४ मीटर गेला, फळी १ मीटर. फळीवर ठोकळा ३ मीटर घसरला.

आता अंतर कोणते घ्यायचे? ४, १ की ३? प्रश्न कोणाबद्दल आहे त्यावर ते ठरते. फक्त ठोकळ्याला प्रमेय लावले तर ४ मीटर: −३२ ज्यूल, आणि त्याची गतिज ऊर्जा ३६ वरून ४ झालीच आहे. फक्त फळीला लावले तर १ मीटर: +८ ज्यूल. होय, फळीवर घर्षणाचे कार्य *धन* आहे, तिला वेग घर्षणानेच दिला. दोघांची मिळून ऊर्जा अक्षय्यता लिहायची तर ३ मीटर: उष्णता ८ × ३ = २४ ज्यूल, आणि ३६ = ४ + ८ + २४ असा हिशेब जुळतो.

ठोकळ्याने ३२ ज्यूल गमावले म्हणून ३२ ज्यूल उष्णता झाली, असे लिहिणारा फळीला मिळालेले ८ ज्यूल विसरतो. शिवाय ही २४ ज्यूल उष्णता एकट्या ठोकळ्याची किंवा एकट्या फळीची नाही, ती घासणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांत वाटली जाते. कोणाच्या वाट्याला किती, हे दोन्हींपैकी कोणतेही समीकरण सांगत नाही. म्हणूनच उष्णता समीकरणात घ्यायची असेल तर प्रणालीत दोघांनाही घ्यावे लागते.

फळी ३ मीटरपेक्षा आखूड, समजा २ मीटरच लांब असली, तर दोघांचा वेग सारखा होण्याआधीच ठोकळा दुसऱ्या टोकावरून निसटतो. तेव्हा उष्णता ८ × २ = १६ ज्यूल, आणि दोघांची मिळून गतिज ऊर्जा २० ज्यूल उरते. ती कोणाकडे किती, हे काढायला ऊर्जा पुरत नाही. त्यासोबत संवेगाचे समीकरण लिहावे लागते.