एटीकेटी, कमी सीजीपीए आणि रेझ्युमेतली एक ओळ

समजा, जळगावच्या एका कॉलेजातून मेकॅनिकलची डिग्री झाली आहे. प्रवेश २०१९ चा, पण गणिताचा एक विषय राहिला आणि तो निघाला २०२४ मध्ये. सीजीपीए ६.४. आता चाकणच्या एखाद्या कंपनीसाठी रेझ्युमे करायचा आहे.

शिक्षणाची ओळ एवढीच ठेवा: बीई मेकॅनिकल, विद्यापीठाचं नाव, २०२४. विषय केव्हा राहिला, किती प्रयत्नांत सुटला, हे रेझ्युमेत कुणी मागत नाही, म्हणून ते लिहूही नका. मात्र '२०१९ ते २०२३' असं लिहून वर्ष झाकायला जाऊ नका. शेवटचा विषय ज्या परीक्षेत सुटला तेच पासिंगचं वर्ष, आणि जॉइनिंगच्या वेळी कागदपत्रं तपासताना मार्कशीटवर ते दिसतंच. "कोन देखस भो" म्हणणारा मित्र त्या दिवशी सोबत नसतो.

जाहिरातीत मार्क मागितले नसतील तर सीजीपीए गाळला तरी चालतो. मग प्रोजेक्ट, सॉफ्टवेअर आणि एमआयडीसीतली ट्रेनिंग वर घ्या, शिक्षण त्याखाली. शेवटच्या दोन सेमिस्टरला मार्क चांगले असतील तर तेवढेच द्यायलाही हरकत नाही, फक्त 'सेमिस्टर ७ व ८' असं स्पष्ट लिहा. ते न लिहिता नुसता आकडा दिला तर वाचणारा तो पूर्ण डिग्रीचा समजेल, आणि ती फसवणूकच ठरते.

खरी गफलत होते ती टक्के काढताना. ६.४ ला ९.५ ने गुणलं की ६०.८ येतात आणि '६० टक्के' ची अट पार झाल्यासारखी वाटते. पण ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीतून आलेला आहे. एआयसीटीईच्या सूत्राने ६.४ मधून ०.७५ वजा करून १० ने गुणलं तर ५६.५ च येतात. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागात मिळेल, तेच वापरा. नाहीच मिळालं तर '६.४/१०' असंच लिहा. ५९.६ चे ६० तर अजिबात करू नका.

ऑनलाइन फॉर्मची गोष्ट वेगळी. तिथे विचारलेलं खरंच भरावं लागतं, पण प्रश्न नीट वाचा. 'अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग' म्हणजे आज बाकी असलेले विषय. वरच्या उदाहरणात उत्तर शून्य. 'टोटल' किंवा 'हिस्टरी' विचारली असेल तर एक. जॉब पोर्टलवरच्या जुन्या प्रोफाइलमध्ये २०२३ राहून गेलं असेल तर तेही दुरुस्त करा. एचआरवाले दोन्ही शेजारी उघडतात.

इंटरव्ह्यूत वर्षाबद्दल विचारलं तर दोन वाक्यं पुरतात: "गणिताचा एक विषय राहिला होता, तो २०२४ ला निघाला. आता काही बाकी नाही." पेपर अवघड होता, चेकिंग कडक झालं, हे सांगत बसलात की पुढचे प्रश्न त्यावरच येतात.