x⁴ + 4 चे अवयव कसे पाडावेत?

x² + 4 चे अवयव पडत नाहीत, मग x⁴ + 4 चे कुठून पडणार? लातूर-नांदेडकडच्या शिकवणी वर्गांत नववी-दहावीची हुशार लेकरंसुद्धा या प्रश्नाला थबकतात. मध्ये अधिक चिन्ह दिसलं की वर्गांतराचं सूत्र, म्हणजे a² − b² = (a + b)(a − b), बाजूला ठेवायची सवय झालेली असते. इथे मात्र तेच सूत्र चालतं. त्याला लागणारी वजाबाकी आपण स्वतः तयार करायची.

आधी दोन्ही टोकांची पदं बघा. x⁴ हा x² चा वर्ग आहे आणि 4 हा 2 चा. म्हणजे (x² + 2)² उलगडला तर दोन्ही टोकं जुळतात, फक्त मध्ये 2 × x² × 2 = 4x² हे एक पद जास्त येतं. आपल्याकडे ते नाही. म्हणून ते उसनं घ्यायचं आणि त्याच ओळीत फेडायचं:

x⁴ + 4 = x⁴ + 4x² + 4 − 4x²

पहिली तीन पदं मिळून पूर्ण वर्ग झाला. उरलेलं 4x² म्हणजे (2x)²:

= (x² + 2)² − (2x)²

आता सूत्रात a = x² + 2 आणि b = 2x घाला, आणि पदं घातांकांच्या उतरत्या क्रमाने लावा:

= (x² + 2x + 2)(x² − 2x + 2)

ताळा करताना गुणाकार एका दमात न करता एकेक पद घेऊन लिहा. पहिल्या कंसातल्या x² ने दुसऱ्या कंसाला गुणलं की x⁴ − 2x³ + 2x², मग 2x ने गुणलं की 2x³ − 4x² + 4x, आणि 2 ने गुणलं की 2x² − 4x + 4. x³ ची दोन पदं एकमेकांना खातात, x ची दोन पदंही तशीच जातात. x² च्या पदांची बेरीज 2 − 4 + 2 = 0. राहतं x⁴ + 4. उत्तर चुकलं असेल तर बहुधा x² च्या पदांची ही बेरीज शून्य येत नाही, म्हणून आधी तीच तपासा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 4x² मिळवायचं आणि वजा करायचं विसरायचं. मग उत्तर नुसतं (x² + 2)² येतं. x = 1 ठेवून बघा: मूळ राशी 5, हे उत्तर 9. दुसरी चूक जरा फसवी आहे. मधलं पद ऋण घेतलं तर (x² − 2)² + 4x² मिळतं. हे लिहिणं चूक नाही, पण ही दोन वर्गांची बेरीज झाली आणि सूत्र लावायला जागाच राहिली नाही. म्हणून टोकं धन असताना मधलं पद मिळवायचं धनच.

मिळालेले कंस आणखी फुटतात का? दोन्हींचा विवेचक 4 − 8 = −4, म्हणजे ऋण. वास्तव संख्यांमध्ये काम इथेच संपतं.

आता ही युक्ती कुठे अडते ते बघा, कारण परीक्षेत 4 च्या जागी दुसरी संख्या टाकून हेच विचारतात. सगळा भार उसन्या पदावर आहे: ते पद स्वतः पूर्ण वर्ग असलं पाहिजे. x⁴ + 9 मध्ये ते 6x² येतं, x⁴ + 16 मध्ये 8x². 6 आणि 8 हे पूर्ण वर्ग नाहीत, त्यामुळे कंसात √6 किंवा √8 शिरतात आणि पूर्णांक सहगुणकांचे अवयव मिळत नाहीत. x⁴ + 64 मध्ये मात्र 16x² येतं, आणि अवयव सरळ (x² + 4x + 8)(x² − 4x + 8) पडतात. अशा संख्यांचा साचा 4b⁴ असा आहे: 4, 64, 324. a⁴ + 4b⁴ चे हे अवयव फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ओळखले जातात.

संख्यांवर हे किती कामी येतं ते 50629 वर पाहा. लहान मूळ संख्यांनी भागत गेलात तर 197 पर्यंत जावं लागेल, तेव्हा कुठे भाग जाईल. पण 15⁴ = 50625 हे लक्षात आलं, की 50629 = 15⁴ + 4. कंसांत x = 15 ठेवा: 225 + 30 + 2 = 257 आणि 225 − 30 + 2 = 197. दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणजे अवयव पूर्ण झाले. याच रीतीने n⁴ + 4 मूळ संख्या कधी असते तेही ठरतं. n धन पूर्णांक असेल तर लहान कंस (n − 1)² + 1 असा लिहिता येतो, आणि तो 1 होतो फक्त n = 1 असताना. तेव्हा संख्या 5 येते. n त्याहून मोठा असला की दोन्ही कंस 1 पेक्षा मोठे, म्हणून n⁴ + 4 संयुक्त.