सिगारेट सोडल्यावर झोप उडते तेव्हा: या चुका टाळा

सिगारेट सोडल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री अनेकांची झोप वारंवार मोडते आणि ‘मला सिगारेटशिवाय झोपच येत नाही’ असे ठरवून माणूस पुन्हा पाकीट आणतो. पहिली चूक हीच. निकोटीन झोप आणत नाही, ते मेंदूला उत्तेजित करते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणून झोपण्यापूर्वीच्या सिगारेटने वाटणारा निवांतपणा म्हणजे आधी साठलेली तलफ तेवढ्यापुरती शमणे असते, आणि पहाटे तीनला जाग येते ती बहुधा तीच तलफ पुन्हा उठल्यामुळे.

दुसरी चूक चहाची, आणि ती फारच थोड्यांच्या लक्षात येते. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातले एक विकर जोमाने काम करते आणि कॅफीन लवकर निकामी होते. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग उतरतो, आणि तितक्याच चहातून रक्तात राहणारे कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. समजा, एक गृहस्थ रोज पाच कप चहा घेतात आणि त्यांचा शेवटचा कप संध्याकाळी सात वाजता असतो. सोडल्यानंतर चौथ्या रात्री त्यांना धडधड, हातांना सूक्ष्म कंप आणि बारा वाजेपर्यंत टक्क जाग असा त्रास होतो. ते त्याचा दोष निकोटीन सुटण्याला देतात. पण चहानंतर तासाभरात अस्वस्थता वाढत असेल, तर चहाकडे बोट दाखवावे. सोडण्याच्या पहिल्याच दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करावी आणि शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्यावा. हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा आहे, त्यामुळे मिश्री किंवा तंबाखू सोडणाऱ्यांना तो जाणवत नाही. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी मात्र धूम्रपान सोडत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या औषधाचे रक्तातले प्रमाणही असेच वाढते.

निकोटीनचा पॅच रात्रभर ठेवल्यास झोप चाळवते आणि फार स्पष्ट, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात. तसे होत असेल तर झोपताना पॅच काढावा आणि सकाळी दुसऱ्या जागी नवा लावावा. उठल्याउठल्या तलफ अनावर होणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

रात्री तलफेने जाग आली, तर अंथरुणात तिच्याशी झुंजत पडू नये. उठून पाणी प्यावे, मंद उजेडात थोडे चालावे. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. त्या वेळी घरात एकही सिगारेट नसणे फार महत्त्वाचे आहे. ‘अडीअडचणीला एक’ म्हणून कपाटात ठेवलेली सिगारेट पहाटे तीनलाच पेटते.

पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो आणि बहुतेकांची झोप दोन ते चार आठवड्यांत सावरते. महिना उलटूनही ती सुधारली नाही, मोठ्या घोरण्यासह श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. सोडताना सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा विनामूल्य क्रमांक १८००-११-२३५६ आहे.